‘ताई, हा फोटो खरा आहे का?’ बिबट्याच्या एका फोटोवरून समजून घेऊ या

मुलुंडमधल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला रात्री साडेदहाला एक फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं : “ताई, हा फोटो खरा आहे का? आमच्याच पार्किंगचा आहे. मुलं संध्याकाळी तिथेच खेळतात.” फोटोत सोसायटीचं पार्किंग, एक खांब, खांबाला टेकून लावलेली स्कूटर आणि स्कूटरच्या पुढ्यात उभा असलेला बिबट्या. वर एका ट्यूबलाइटचा उजेड.

मी वृत्तपत्राच्या फोटो विभागात काम करते, त्यामुळे असे फोटो माझ्याकडे येतच असतात. बिबट्याचा फोटो आला की मुंबईत एक अडचण हमखास येते. बिबट्या सोसायटीत येणं इथे अशक्य नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं आहे, त्याच्या कडेला बोरिवली, गोरेगाव, मुलुंड आणि ठाणे अगदी खेटून वसलंय, आणि कुत्र्यांच्या मागावर बिबटे खरोखरच वस्तीत येतात. दुसरीकडे 2025 च्या अखेरीस महाराष्ट्रात एआयने बनवलेल्या बिबट्यांचे फोटो आणि व्हिडिओ इतके फिरले की वनविभागाला लोकांना सावध करावं लागलं. म्हणजे “असं कसं होईल?” म्हणून फोटो खोटा ठरवता येत नाही आणि “असं होतंच की” म्हणून तो खराही ठरत नाही. फोटोच तपासायला हवा. पण नुसता फोटो तपासून किती कळतं? मी सांगेन त्याहून लोकांची अपेक्षा बहुतेक वेळा बरीच मोठी असते.

## एका प्रश्नात तीन प्रश्न

“खरा आहे का?” असं विचारणाऱ्याच्या मनात तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र असतात. पहिला, हे चित्र कॅमेऱ्याने टिपलंय की संगणकाने तयार केलंय? दुसरा, कॅमेऱ्याने टिपलं असेल तर नंतर त्यात कुणी काही घातलंय किंवा काढलंय का? तिसरा, फोटोबरोबर जे सांगितलं जातंय ते बरोबर आहे का, म्हणजे जागा हीच आहे का आणि वेळ आजचीच आहे का?

या तिन्हींची उत्तरं एकमेकांवर अवलंबून नसतात. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या गावात काढलेला अस्सल फोटो “आज रात्री, मुलुंड” असं लिहून पाठवला, तर पहिल्या दोन प्रश्नांत तो पास होतो आणि तिसऱ्यात सपशेल नापास. मुंबईत पावसाळ्यात पाणी तुंबल्याचे जे फोटो फिरतात, त्यांत हा प्रकार खूप असतो. चित्राला कुणी हातही लावलेला नसतो, फक्त ते जुनं किंवा परगावचं असतं. यासाठी चित्राच्या आधारे इंटरनेटवर शोध घ्यायचा, गुगल लेन्सने किंवा टिनआयने. तोच फोटो आधी कुठे छापून आला असेल, तर जुनी तारीखच सगळं सांगून टाकते.

मुलुंडच्या फोटोवर मी सर्वांत आधी हेच केलं. पूर्ण फोटो टाकला, काही मिळालं नाही. मग फक्त बिबट्या कापून घेतला आणि तेवढाच टाकला, कारण कुणी जुन्या फोटोतला बिबट्या उचलून इथे चिकटवला असेल, तर पूर्ण फोटोच्या शोधात तो सापडत नाही. बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची रचना प्रत्येक जनावराची वेगळी असते. राष्ट्रीय उद्यानात अभ्यासकांनी लावलेल्या कॅमेऱ्यांतून बिबटे ओळखले जातात ते याच ठिपक्यांवरून. त्यामुळे दोन फोटोंत एकाच कुशीवरचे ठिपके त्याच ठेवणीत, त्याच वळणात, त्याच उजेडात दिसले, तर चित्र चिकटवलंय हे नक्की होतं. चिकटवताना काही जण चित्र आरशातल्यासारखं उलटं करतात, म्हणून मी तेही उलटं करून शोधलं. काहीच सापडलं नाही.

यातून काय कळलं? एवढंच, की शोधयंत्राला हा फोटो आधी दिसलेला नाही. कुठल्या तरी व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तो पाच वर्षं पडून असेल तर शोधयंत्राला ते कधीच कळणार नाही. “शोधूनही सापडला नाही, म्हणजे नवा आणि खरा” असं म्हणता येत नाही.

## हातात आलेली फाइल मुळात काय आहे?

मोबाइलने फोटो काढला की चित्राबरोबर त्या फाइलमध्ये एक छोटी नोंदही साठवली जाते : कोणता फोन, किती वाजता, किती उजेड घेतला, आणि सेटिंग चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांश. या नोंदीला एक्झिफ म्हणतात. सेक्रेटरींनी मला विचारलं होतं, “त्यातून कळत नाही का?” कळलं असतं. पण व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की ही नोंद गळून पडते आणि चित्र आकाराने लहान करून पुन्हा दाबलं जातं. ‘एचडी’ निवडलं तर ते कमी दाबलं जातं इतकंच. मूळ फाइल तरीही येत नाही.

इथे एक गैरसमज मी फार वेळा पाहिलाय. अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचं नाव `IMG-20250712-WA0012.jpg` असं काहीतरी असतं. लोक त्यातली तारीख वाचून सांगतात, “बघा, 12 जुलैलाच काढलाय.” ती तारीख फोटो काढल्याची नसते. व्हॉट्सॲपने त्या फोनवर फाइल साठवली त्या दिवशीची ती तारीख असते. दहा वर्षांपूर्वीचा फोटो आज आला तर त्याच्या नावात आजचीच तारीख दिसेल.

चित्र दाबलं जातं तेव्हा बाकीही बरंच हरवतं. मोबाइलचा फोटो बहुतेक वेळा जेपेग प्रकारात साठवला जातो. त्यात चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि डोळ्याला सहज न जाणवणारे बारकावे प्रत्येक चौकोनातून टाकून देतात. फोटोत काही चिकटवलं असेल, तर चिकटवलेल्या भागातले चौकोन आणि बाकीचे चौकोन कधी कधी नीट जुळत नाहीत. प्रत्येक कॅमेऱ्याच्या सेन्सरचा स्वतःचा एक अतिसूक्ष्म ठसाही चित्रात उतरलेला असतो. तज्ज्ञ याच खुणा शोधतात. पण चार ग्रुप ओलांडून, मध्ये एकदा स्क्रीनशॉट होऊन आलेल्या चित्रात त्या जवळपास पुसल्या गेलेल्या असतात. सहीच्या कागदाची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स, अशी पाचवी प्रत हातात दिली तर पेन कुठे जोरात टेकलं होतं हे जसं सांगता येत नाही, तसंच हे आहे. सही दिसते, पण ती ज्यावरून पारखायची ते उरलेलं नसतं.

म्हणून मी सेक्रेटरींना विचारलं, “हा फोटो ज्यांनी स्वतः काढला त्यांच्यापर्यंत जाता येईल का? मिळाले तर त्यांना सांगा, फोटो म्हणून पाठवू नका. अटॅचमध्ये जाऊन ‘डॉक्युमेंट’ म्हणून मूळ फाइल पाठवा.” डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल जशीच्या तशी येते, नोंदीसकट. ती नोंदही कुणाला बदलता येते, त्यामुळे तेवढ्यावर निकाल देता येत नाही. पण मूळ फाइल मिळाली की निदान तपासण्यासारखं काहीतरी हाती येतं.

## नुसतं नीट पाहिलं तर कळत नाही का?

मूळ फाइलची वाट पाहताना मी चित्र मोठं करून पाहिलं. काय पाहिलं ते सविस्तर सांगते, कारण नजरेचा आवाका नेमका किती ते त्यातून कळतं.

आधी बिबट्याचं अंग. बिबट्याच्या पाठीवर आणि कुशीवर फुलासारखे पोकळ ठिपके असतात, डोक्यावर आणि पायांवर भरीव ठिपके. जॅग्वारच्या फुलांच्या आत आणखी बारीक ठिपके असतात, तर चित्त्याच्या अंगभर साधे भरीव ठिपके. संगणकाने काढलेल्या चित्रांत हे कधी कधी एकमेकांत मिसळतं. या फोटोत सगळं जागच्या जागी होतं.

मग आकार. बिबट्याची खांद्यापाशी उंची साधारण 60 ते 70 सेंटिमीटर असते. स्कूटरची सीट जमिनीपासून सुमारे 75 सेंटिमीटर. फोटोत बिबट्याची पाठ सीटच्या किंचित वर दिसत होती. मोठा वाटला ना? पण त्याचे पंजे कुठे टेकलेत ते पाहावं लागतं. खाली पेव्हर ब्लॉकच्या ओळी होत्या आणि पंजे स्कूटरच्या चाकांपेक्षा दोन ओळी अलीकडे, म्हणजे कॅमेऱ्याच्या जवळ होते. जवळची वस्तू मोठी दिसते. त्यामुळे आकारावरूनही काही ठरत नव्हतं.

मग सावली. ही चाचणी मला आवडते, कारण ती अंदाजावर नाही, भूमितीवर चालते. उजेड एकाच दिव्याचा असेल, तर वस्तूचं टोक आणि त्याच्या सावलीचं टोक जोडणारी रेघ पुढे वाढवत नेली की ती दिव्यापाशी पोहोचते. स्कूटरच्या आरशाचं टोक घ्या, त्याची सावली घ्या, रेघ ओढा. खांबाच्या कोपऱ्यासाठी तेच करा. सगळ्या रेघा एकाच ठिकाणी मिळायला हव्यात. त्यातल्या बिबट्याच्या कानाची रेघ भलतीकडे गेली, तर तो या उजेडात उभा नव्हता. पण यासाठी सावलीचं टोक स्पष्ट दिसायला हवं. ट्यूबलाइट लांबट असते, तिची सावली कडेला विरघळलेली पडते. बिबट्याच्या पोटाखाली एक मऊ गडद छाया होती, बाजू बरोबर होती, पण कानाचं टोक तीत कुठेच ओळखू येत नव्हतं. चाचणी करताच आली नाही. चाचणी न होणं आणि तीत पास होणं यांत फरक आहे, आणि उत्तर देताना तो फरक सांगितला पाहिजे.

शेवटी अक्षरं. “एआयला बोटं आणि अक्षरं जमत नाहीत” हे सगळ्यांना पाठ झालंय. 2023 मध्ये ते बऱ्यापैकी खरं होतं. आता बोटं बहुतेक वेळा नीट येतात, इंग्रजी अक्षरंही येतात. देवनागरी पाटीत अजून गडबड दिसते, पण त्यावर विसंबून राहता येत नाही. या फोटोत स्कूटरची नंबरप्लेट होती आणि तिच्यावरचे आकडे वितळल्यासारखे दिसत होते. संशय घ्यायला जागा होती. मात्र रात्री, झूम करून काढलेल्या आणि व्हॉट्सॲपने दाबलेल्या खऱ्या फोटोतही आकडे असेच होतात.

म्हणजे अर्धा तास नीट पाहून माझं प्रामाणिक उत्तर होतं : सांगता येत नाही. चूक दिसली असती तर “बनावट” म्हणता आलं असतं. चूक दिसली नाही म्हणून “खरा” म्हणता येत नाही, कारण चांगल्या बनावट चित्रात चूक नसते. नजरेची ही मर्यादा सरावलेल्यांनाही असते. 2023 मध्ये जर्मन छायाचित्रकार बोरिस एल्डाग्सेन यांचं एआयने केलेलं चित्र सोनी वर्ल्ड फोटोग्राफी ॲवॉर्ड्समध्ये एका गटात विजेतं ठरलं आणि त्यांनी स्वतः खुलासा करून बक्षीस नाकारलं. पुढच्या वर्षी माइल्स ॲस्ट्रे यांनी उलटं केलं. डोकं पोटाशी वळवल्यामुळे बिनडोक्याच्या दिसणाऱ्या फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो त्यांनी एका स्पर्धेच्या एआय विभागात दिला आणि परीक्षकांनी त्याला बक्षीस दिलं. दोन्ही परीक्षक मंडळींचा रोजचा संबंध फोटोंशीच होता.

## मग एआय ओळखणारी वेबसाइट आहे ना?

सेक्रेटरींच्या ग्रुपवर कुणीतरी तोपर्यंत एका वेबसाइटचा निकाल टाकला होता : “87 टक्के एआय.” त्यावर लगेच कुणी दुसऱ्या साइटचा निकाल टाकला, तो जवळपास उलटा.

अशी साइट चित्रातल्या बारीक नमुन्यांवरून अंदाज बांधते. तिला शिकवताना जी चित्रं दाखवली, त्यांच्यासारखी चित्रं तिला चांगली ओळखता येतात. नव्या सॉफ्टवेअरचं, किंवा दाबून लहान केलेलं चित्र आलं की ती गडबडते. आणि 87 टक्के हा आकडा “शंभरात 87 वेळा मी बरोबर असते” असं सांगत नाही. तो त्या यंत्राचा आतला गुण आहे, एवढंच.

समजा साइट खरोखरच चांगली आहे. शंभर बनावट चित्रांतली 90 ती पकडते आणि शंभर खऱ्या फोटोंतल्या फक्त 10 ना चुकून बनावट म्हणते. आता एखाद्या परिसरातल्या ग्रुपवर आलेले 1000 फोटो तिच्यातून काढले, आणि त्यातले 50 बनावट आहेत असं धरू. 50 पैकी 45 पकडले जातील. उरलेल्या 950 खऱ्या फोटोंतले 95 चुकून पकडले जातील. साइटने “एआय” म्हटलेले एकूण 140, त्यांतले खरंच बनावट 45, म्हणजे तिनातला एकही पूर्ण नाही. आकडे मी समजण्यासाठी धरलेत, पण हिशोब असाच चालतो. खऱ्या फोटोंची संख्या जास्त असेल तिथे चांगलं यंत्रही बऱ्याच खऱ्या माणसांना खोटं ठरवतं.

काही जण लाल-निळ्या चमकत्या ठिपक्यांचं एक चित्र पुरावा म्हणून टाकतात. त्या पद्धतीला एरर लेव्हल अनॅलिसिस म्हणतात. चित्र पुन्हा दाबून कुठे किती फरक पडतो ते ती दाखवते. पण ठिपकेदार कातडं, गवत, अक्षरं, कुठलीही ठळक कड तिच्यात आपोआप चमकते. बिबट्या तर चमकणारच, खरा असला तरी. फॉरवर्ड झालेल्या फोटोवर ही पद्धत वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

## कंपन्या चित्रावर खूण करतात ना?

करतात, आणि खूण सापडली तर ती भक्कम पुरावा असते. गुगलच्या साधनांनी बनवलेल्या चित्रांत सिंथआयडी नावाची न दिसणारी खूण असते, ती गुगलच्याच साधनाने तपासता येते. दुसरीकडे सीटूपीए या मानकानुसार काही कॅमेरे आणि सॉफ्टवेअर फोटोला त्याच्या जन्माचा आणि बदलांचा डिजिटल सहीचा दाखला जोडतात. हे मानक 2021 पासून ॲडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी वगैरेंनी मिळून उभं केलं. दाखला जोडणारा पहिला कॅमेरा लायकाने 2023 मध्ये आणला.

पण सिंथआयडी सापडला नाही तर चित्र दुसऱ्या कुणाच्या साधनाने बनवलेलं असू शकतं. आणि सीटूपीएचा दाखला फाइलला जोडलेला असतो, त्यामुळे साध्या स्क्रीनशॉटने तो जातो. मुलुंडच्या फोटोत मला दोन्हींपैकी काही सापडलं नाही, आणि त्यावरून मी काहीच ठरवलं नाही.

## शेवटी हा फोटो कसा सुटला?

फोटोवरून नाही, माणसांवरून सुटला. सेक्रेटरी उलट दिशेने विचारत गेले. ग्रुपवर फोटो बी विंगमधल्या एका सभासदाने टाकला होता. त्याला तो ऑफिसच्या ग्रुपवरून आला होता. तिथून पुढे माग लागेना. फोटोवर ‘फॉरवर्डेड’ची खूण नव्हती, म्हणून तो सभासद म्हणत होता, “मूळचाच असणार.” पण कुणी फोटो सेव्ह करून पुन्हा पाठवला, की ती खूण राहत नाही.

मग मी सेक्रेटरींना म्हटलं, बिबट्या विसरा, मागचं पार्किंग शोधा. ते ओळखीचं आहे ना? सोसायटीच्या जुन्या मेसेजमध्ये ते सापडलं. काही आठवड्यांपूर्वी पाहुण्यांच्या जागेत कुणीतरी स्कूटर लावली म्हणून एका सभासदाने तक्रारीचा फोटो टाकला होता. तोच खांब, तीच स्कूटर, तेच अर्धवट वळलेलं हँडल.

मी दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली. माणूस हातात फोन धरून त्याच जागेवरून दुसऱ्या दिवशी फोटो काढतो, तेव्हा फोन दोन-चार सेंटिमीटर तरी इकडेतिकडे होतो. त्यामुळे जवळचा खांब आणि मागची खिडकी यांचं एकमेकांतलं अंतर बदलतं. इथे ते कणभरही बदललं नव्हतं. खांबाच्या कडेमागे खिडकीच्या गजाचा जेवढा भाग लपला होता, तेवढाच दोन्हीत. फरशीवरचा ऑइलचा डाग, चाकापाशी पडलेलं वाळकं पान, सगळं त्याच जागी. दोन वेगळ्या रात्री पान तसंच पडून राहणं कठीण, आणि त्याबरोबर फोनही तसूभर न हलणं त्याहून कठीण. शिवाय तक्रारीच्या फोटोत नंबरप्लेट स्वच्छ वाचता येत होती. बिबट्याच्या फोटोत तिचेच आकडे वितळले होते, आणि वायरिंगच्या डब्यावरची देवनागरी सूचना अक्षरांसारख्या रेघोट्यांत बदलली होती. एआयला “या फोटोत बिबट्या घाल” म्हटलं की ते पुष्कळदा सगळं चित्रच नव्याने काढतं, आणि बारीक अक्षरं त्यात मोडतात. आधी जो नुसता संशय होता, त्याला आता तुलना मिळाली.

आता मी ठामपणे म्हणू शकले : तक्रारीच्या फोटोत बिबट्या नंतर घातलाय. पूर्वीचं एक गाजलेलं प्रकरणही याच रीतीने सुटलं. 28 मे 2023 ला दिल्लीत ताब्यात घेतलेल्या कुस्तीपटू विनेश आणि संगीता फोगट यांचा पोलिसांच्या बसमधला सेल्फी फिरला, त्यात त्या हसताना दिसत होत्या. मूळ सेल्फीत कुणीच हसत नव्हतं. तो समोर ठेवला आणि चेहरे बदलणाऱ्या ॲपने तसंच हसू पुन्हा उमटवून दाखवलं, तेव्हा वाद मिटला. बनावटपणा सिद्ध करायला मूळ चित्रासारखं दुसरं काही नाही.

तरी दोन गोष्टी मला कळल्या नाहीत आणि त्या मी सेक्रेटरींना लिहून कळवल्या. हे कुणी केलं ते माहीत नाही. आणि त्या पार्किंगमध्ये कधी बिबट्या आला होता की नाही, याबद्दल हा फोटो काहीच सांगत नाही. फोटो बनावट आहे याचा अर्थ बिबट्या आला नाही असा होत नाही.

## हल्ली मोबाइलच फोटो बदलतो, मग खरा फोटो म्हणजे काय?

हा आक्षेप रास्त आहे. रात्रीचा फोटो म्हणजे आता अनेक फोटो जोडून केलेलं एक चित्र असतं. मार्च 2023 मध्ये एका वापरकर्त्याने चंद्राचा फोटो मुद्दाम धूसर करून पडद्यावर लावला आणि सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. मूळ चित्रात नसलेले बारकावे फोनच्या चित्रात आले. फोन चंद्र ओळखून बारकावे वाढवतो, हे कंपनीने समजावून सांगितलं.

म्हणून मी “बदल झालाय का” एवढंच विचारत नाही, “बदलाने काय घडलं ते बदललं का” हे विचारते. उजेड वाढवल्याने बिबट्या येत नाही की जात नाही. पण रात्री झूम करून काढलेल्या फोटोत फोनने केसांची ठेवण स्वतःच रंगवली असेल, तर त्या ठिपक्यांवरून जनावराची ओळख पटवता येणार नाही. अशा अस्सल फोटोलाही ओळखणारी साइट “एआय” म्हणू शकते.

## आणि फोटो खरा असता तर?

खरेपणा फोटोच्या बाहेरून येतो. काढणारा माणूस मिळतो, त्याच्या फोनमध्ये मूळ फाइल असते, तिच्या आगेमागे काढलेले आणखी दोन-तीन फोटो असतात. बिबट्या दिसल्यावर कुणी एकच फोटो काढून थांबत नाही. सोसायटीच्या सीसीटीव्हीत त्या वेळेचं चित्रण असतं. ते मागताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या. डीव्हीआर जुनं चित्रण पुसून त्यावर नवं साठवतो, त्यामुळे लवकर कॉपी करून घ्यावी. आणि पडद्यावरचं घड्याळ पुष्कळदा चुकीचं असतं, म्हणून कॉपी करताना आपल्या घड्याळातली खरी वेळ शेजारी लिहून ठेवावी. मातीत पंजाचे ठसे असतात, वॉचमनने काही पाहिलेलं असतं.

प्रकरण पोलिसांत गेलं, तर कलिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी तज्ज्ञांनाही मूळ फोन आणि मूळ फाइलच लागते. म्हणून फोनमधला मूळ फोटो डिलीट करू नये आणि क्रॉप करून त्यावरच सेव्ह करू नये.

हे सगळं जुळायला वेळ लागतो, आणि बिबट्याच्या बाबतीत तेवढं थांबून चालत नाही. त्यासाठी मी निर्णय आणि खबरदारी वेगळी ठेवते. फोटोचा निकाल लागायच्या आधीच सेक्रेटरींना सांगितलं होतं की वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला कळवा आणि तोवर अंधार पडल्यावर मुलांना खाली एकटं सोडू नका. “बहुतेक एआय असेल” म्हणून खरा फोटो दुर्लक्षित होणं, हे खोटा फोटो पसरण्याइतकंच वाईट आहे. एआयचं निमित्त करून खऱ्या फोटोलाच खोटं म्हणणं आता अगदी सोपं झालंय, आणि सोसायटीतल्या गळक्या टाकीच्या फोटोवरही ते म्हटलेलं मी ऐकलंय.

## उत्तर कसं लिहावं?

मी तीनच प्रकारची उत्तरं देते. “बनावट आहे, आणि हा पुरावा” हे फक्त मूळ चित्र किंवा ठोस विसंगती मिळाली तरच. “ज्यांनी काढला त्यांच्याकडून मूळ फाइल आणि इतर पुरावा मिळाला, जुळतंय” हे दुसरं. बाकी सगळ्यांना “एवढ्यावरून सांगता येत नाही”, आणि त्यापुढे काय मिळालं तर सांगता येईल ते. टक्केवारी लिहीत नाही, कारण ती कुठून आली हे मला दाखवता येत नाही.

आणि बनावट ठरलेला फोटो कळवताना तो तसाच पुन्हा पाठवत नाही. त्यावर आडवी लाल पट्टी टाकून “बनावट” असं मोठ्या अक्षरांत चित्राच्या मधोमध लिहिते, बिबट्यावरूनच. खाली किंवा कोपऱ्यात लिहिलं तर पुढचा माणूस तेवढं कापून चित्र पुढे ढकलतो.